चौऱ्याण्णव शर्टांचा भाव

छापखान्यात तिला सगळे वहिनी म्हणत. मालक तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, तेही वहिनीच म्हणत. त्याला कारण होतं. तिचा नवरा तिथे टी-शर्ट छापायला आधी लागला आणि ती दोन वर्षांनी घडीच्या टेबलावर आली. छापणाऱ्याची बायको म्हणून आली, म्हणून वहिनी झाली, आणि मग सतरा वर्षं वहिनीच राहिली.

घडीचं काम दिसायला सोपं. छापून, तापवून, वाळवून शर्ट टेबलावर येतो. पुठ्ठ्याचा चौकोन पाठीवर ठेवायचा, बाह्या आत, खालचा भाग वर, पुठ्ठा ओढून काढायचा, छाप समोर आला पाहिजे. दहा शर्टांची एक थप्पी, मापाप्रमाणे वेगळी. नवीन माणसाला एका शर्टाला अर्धं मिनिट लागतं. वहिनी घडी घालायची तेव्हा बघणाऱ्याला कळायचंही नाही की पुठ्ठा कधी आत गेला आणि कधी बाहेर आला. शिवाय तिच्या हातून डागाळलेला शर्ट कधी पुढे गेला नाही. छाप किंचित जरी वाकडा असला तरी ती तो नवऱ्याकडे परत न्यायची आणि सगळ्यांदेखत म्हणायची, "हा तुमच्या हातचा आहे का बघा बरं." नवरा गुपचूप दुसरा छापून द्यायचा.

तिचं शिक्षण सातवीपर्यंत. पण आकडा एकदा डोक्यात शिरला की बाहेर पडायचा नाही. थप्प्या मोजून पावतीवर नग लिहायचं कामही हळूहळू तिच्याकडेच आलं होतं.

घडीच्या टेबलावरून, मधल्या दारातून, पुढचा काउंटर सरळ दिसायचा. काउंटरमागे भिंतीवर भावाची पाटी होती. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरात मालकांनी स्वतः रंगवलेली. एका बाजूला नग, दुसऱ्या बाजूला एका शर्टाचा भाव:

१० ते २४ : २९०
२५ ते ४९ : २६०
५० ते ९९ : २३०
१०० ते २४९ : १९५
२५० ते ४९९ : १७५
५०० आणि पुढे : १६०

खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'समोर एका रंगाचा छाप. एका डिझाइनसाठी. सर्व नगांना एकच भाव.'

ही शेवटची ओळ फार कमी लोक वाचायचे. पुष्कळांना वाटायचं की विजेच्या बिलासारखं असेल, पहिल्या चोवीसांना एक भाव, पुढच्यांना दुसरा. तसं नव्हतं. ऑर्डर ज्या टप्प्यात पडेल त्या टप्प्याचा भाव पहिल्या शर्टापासून शेवटच्या शर्टापर्यंत सगळ्यांना लागायचा. साठ शर्ट घेतले तर साठही दोनशे तीसने.

भाव उतरत का जातो हे वहिनीला कोणी शिकवलेलं नव्हतं, तिला ते रोज दिसत होतं. एका डिझाइनसाठी जाळीची चौकट बनवायची, तिच्यावर नक्षी उमटवायची, शाई कालवायची, चौकट टेबलावर नीट बसवून दोन-चार शर्टांवर छापून बघायचं. यातच नवऱ्याची निम्मी सकाळ जायची. मग पुढे रबरी पट्टीने शाई ओढत दहा छापा की शंभर छापा, चौकट तीच. ते सकाळचं काम दहा शर्टांवर वाटलं तर जड, शंभरांवर वाटलं तर हलकं.

आता तिला त्या पाटीतली गोम कशी सापडली ते सांगायला हवं.

एका दिवशी तिने दोन गठ्ठे बांधले. एक चित्रकलेच्या मास्तरांचा, अठ्ठेचाळीस शर्टांचा. दुसरा कुठल्याशा दुकानाचा, पन्नासांचा. दोन्ही साधे, एकाच रंगाचा छाप. पावत्या गठ्ठ्यांना टाचताना तिची नजर बेरजेवर गेली. अठ्ठेचाळीसांचे बारा हजार चारशे ऐंशी. पन्नासांचे साडेअकरा हजार.

तिला वाटलं हिशेबनीस चुकले. ती पावत्या घेऊन काउंटरवर गेली. हिशेबनीस पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं मऊ. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे की वहिनी. अठ्ठेचाळीस दोनशे साठने, पन्नास दोनशे तीसने."

"पण दोन शर्ट जास्त घेतले असते तर मास्तरांचे जवळजवळ हजार वाचले असते."

"असते," हिशेबनीस हसले. "पण त्यांनी अठ्ठेचाळीस मागितले. गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं. आपण का नसत्या भानगडीत पडायचं?"

वहिनी परत टेबलावर आली. तो गठ्ठा घ्यायला मास्तर स्वतः आले, दोन हातांनी छातीशी धरून घेऊन गेले, जाताना तिला धन्यवाद म्हणाले. ते धन्यवाद तिला दिवसभर बोचत राहिले.

घरी गेल्यावर तिने कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या पाठीमागे गुणाकार मांडायला घेतले. नवरा म्हणाला, "काय चाललंय? लॉटरी लागलीय का?" ती म्हणाली, "गप्प बसा आणि दोनशे तीस गुणिले पंच्याऐंशी करून द्या." तासाभरात तिच्या हाती पाच आकडे आले. तेवीस, पंचेचाळीस, पंच्याऐंशी, सव्वादोनशे, चारशे अठ्ठावन्न. या प्रत्येक आकड्यापासून टप्पा संपेपर्यंत एक खड्डा होता. त्यात पडणारा माणूस जास्त पैसे देऊन कमी शर्ट नेत होता. शंभर शर्टांना साडेएकोणीस हजार पडतात. चौऱ्याऐंशी घ्या, त्याहून कमी पडतील. पण पंच्याऐंशी घेतले की एकोणीस हजार साडेपाचशे, म्हणजे शंभरांपेक्षा पन्नास जास्तच. तिथून नव्व्याण्णवपर्यंत सगळा खड्डा.

ते पान तिने फाडून टाकलं, कारण आकडे डोक्यात बसले होते. पण टेबल तिचं घडीचं होतं, भावाचं नव्हतं. मधल्या दारातून ती माणसं खड्ड्यात पडताना बघायची आणि पुठ्ठा ओढायची. असं तीन वर्षं चाललं.

मग हिशेबनिसांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. पंधरा दिवसांची रजा. पहिले चार दिवस मालक काउंटरवर बसले, पाचव्या दिवशी त्यांना कोऱ्या शर्टांचा माल बघायला गिरणीत जावं लागलं. जाताना त्यांनी वहिनीला पुढे बोलावलं.

"दिवसभराचाच प्रश्न आहे. कोणी आलं तर नग विचारायचा, पाटी बघून भाव सांगायचा, पावती करायची. जास्त बोलायचं नाही."

"आणि काही चुकीचं दिसलं तर?"

"पाटीत काय चुकीचं दिसणार?" मालक म्हणाले आणि गाडीत बसले. पाटीचा त्यांना अभिमान होता. धंदा सुरू केला त्या वर्षी त्यांनी ती रंगवली होती, आणि भाव बदलले की ते दुसऱ्या कोणाला ब्रशला हात लावू देत नसत.

दुपारपर्यंत फारसं कोणी आलं नाही. वहिनीने काउंटर दोनदा पुसला, पेनं रांगेत लावली, उंच स्टुलावर बसून पाय लोंबकळतात म्हणून खाली शाईचा रिकामा डबा घेतला. आतून नवरा दर दहा मिनिटांनी डोकावून जात होता. शेवटी ती म्हणाली, "मी पळून जात नाहीये. तुमची शाई सुकेल."

तीनच्या सुमाराला सायकल दुरुस्तीवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष आले. हाताच्या रेघांत वंगण मुरलेलं, काखेत वही. त्यांनी वही उघडून काउंटरवर आपटली.

"मेळावा आहे आमचा. ऐंशी सभासद आणि चौदा जण कार्यकारिणीचे. सभासदांना छातीवर चाकाचं चिन्ह. कार्यकारिणीला तेच चिन्ह, पण खाली 'कार्यकारिणी' असं लिहायचं. सगळे शर्ट गडद निळे, छाप पांढरा. मापं लिहिलीत. सांगा किती होतात."

वहिनीने पाटीकडे पाहिलं, खरं तर पाहायची गरज नव्हती. "ही दोन डिझाइन झाली. प्रत्येकाची चौकट वेगळी, म्हणून प्रत्येकाचा नग वेगळा धरायचा. ऐंशी दोनशे तीसने, अठरा हजार चारशे. चौदा दोनशे नव्वदने, चार हजार साठ. एकूण बावीस हजार चारशे साठ."

अध्यक्षांनी मान हलवली. "बसतंय. माणशी दोनशे चाळीस गोळा केलेत." त्यांनी पावतीसाठी हात पुढे केला.

जास्त बोलायचं नाही, असं मालक म्हणाले होते. वहिनीच्या हातात पेन होतं आणि पावतीवर फक्त आकडा लिहायचा राहिला होता. तिने पेन खाली ठेवलं.

"थांबा जरा. कार्यकारिणीचे लोक वेगळे दिसले पाहिजेत, एवढंच ना?"

"हो. गर्दीत ओळखू यायला पाहिजेत."

"मग अक्षरं कशाला? शर्टच वेगळ्या रंगाचा घ्या. निळ्याऐवजी लाल. लांबून ओळखू येतील, अक्षरं वाचायला जवळ यावं लागणार नाही. चिन्ह तेच, शाई तीच पांढरी, चौकट तीच. शर्टाचा रंग बदलला, माप बदललं, तरी आम्हाला चौकट बदलावी लागत नाही. मग सगळे मिळून एकाच डिझाइनचे चौऱ्याण्णव होतात."

अध्यक्षांनी विचार केला. "लाल रंग वजनदार दिसेल," ते म्हणाले. "मग किती?"

"चौऱ्याण्णव दोनशे तीसने. एकवीस हजार सहाशे वीस. आठशे चाळीस वाचले."

अध्यक्ष खूश झाले. "छान काम केलंत ताई. करा पावती."

"अजून थांबा," वहिनी म्हणाली. "शंभर घ्या."

अध्यक्षांचा चेहरा लगेच बदलला. आत्तापर्यंत त्यांना वाटत होतं की समोर भली बाई बसली आहे. आता त्यांना दुकानदार दिसू लागला. "आलात का मूळ पदावर," ते म्हणाले. "आम्ही चौऱ्याण्णव माणसं आहोत. सहा शर्ट काय सायकलींना घालू?"

"शंभर एकशे पंच्याण्णवने पडतात. साडेएकोणीस हजार."

"बरं. आणि चौऱ्याण्णवचे?"

"एकवीस हजार सहाशे वीस."

अध्यक्ष काउंटरवर पुढे झुकले. "म्हणजे सहा शर्ट जास्त घेतले तर दोन हजार कमी द्यायचे? मला वेड्यात काढताय?"

"दोन हजार एकशे वीस," वहिनी म्हणाली. "पाटी वाचा. शेवटची ओळ पण वाचा."

त्यांनी पाटी वाचली. मग मोबाइल काढून स्वतः गुणाकार केला. तो बरोबर आल्यावर मोबाइलवर विश्वास बसेना म्हणून वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने केला. त्यात एक हातचा विसरले, तो वहिनीने दाखवला. पुन्हा केला. मग ते वही मिटून बसले. वहिनीला वाटलं आता हसतील. पण ते हसले नाहीत.

"दोन वर्षांपूर्वी," ते हळू म्हणाले, "आम्ही इथूनच सत्तेचाळीस शर्ट नेले होते. तेव्हा भाव हेच होते?"

"हेच होते."

"तेव्हा पन्नास घेतले असते तर?"

वहिनीला तो हिशेब करावा लागला नाही. ते सत्तेचाळीस शर्ट तिनेच घडी घालून बांधले होते. "सातशे वीस कमी पडले असते. आणि तीन शर्ट जास्त मिळाले असते."

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

आतल्या खोलीत रबरी पट्टीचा आवाज थांबला. नवरा ऐकत होता हे तिला कळलं. "माहीत नव्हतं," एवढं म्हटलं असतं तर काम भागलं असतं, खरं-खोटं करायला कोणी येणार नव्हतं.

"माहीत होतं," ती म्हणाली. "मी आत घडीच्या टेबलावर असते. भाव सांगणं माझं काम नव्हतं, म्हणून बोलले नाही. बोलायला हवं होतं."

वंगण मुरलेल्या अंगठ्याने अध्यक्षांनी पुन्हा वही उघडली आणि मापांच्या यादीखाली लिहिलं, 'जादा सहा, मोठं माप, निळे.' "नवीन सभासद होतातच," ते म्हणाले. "करा शंभराची पावती. आणि ताई, आज बोललात ना, तेवढं पुरे."

संध्याकाळी मालक गिरणीतून आले. कपड्यांवर कापसाचे तंतू, चेहऱ्यावर थकवा. त्यांनी उभ्या उभ्या दिवसाची एकमेव मोठी पावती उचलली. वहिनीने काही न लपवता सगळं सांगितलं, सत्तेचाळीसांचंही.

मालकांनी गणकयंत्र ओढून घेतलं. "म्हणजे ते बावीस हजार चारशे साठ द्यायला तयार होते. तुम्ही त्यांना साडेएकोणीस हजारांची पावती केलीत आणि वर सहा शर्ट दिलेत."

"मी नाही दिले," वहिनी म्हणाली. "पाटीने दिले. पाटी तुम्ही रंगवलीत."

आत नवऱ्याने डोळे मिटून घेतले. त्याने नंतर सांगितलं की त्या क्षणी त्याने मनात दुसरी नोकरी शोधायला सुरुवात केली होती.

मालक काउंटरच्या बाहेर जाऊन गिऱ्हाईक उभं राहतं तिथे उभे राहिले आणि आपलीच पाटी वाचू लागले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "नव्व्याण्णव आणि शंभर, इथे गंमत होते हे मला ठाऊक होतं. मला वाटायचं एक-दोन शर्टांचा फरक असेल. कुठून सुरू होतो हा?"

"पंच्याऐंशीपासून."

"पंच्याऐंशी?" त्यांनी गणकयंत्रावर करून पाहिलं. "आणि इतर ठिकाणी?"

तिने चार आकडे सांगितले. मालकांनी एकेक तपासला. सव्वादोनशेला आल्यावर त्यांनी गणकयंत्र बाजूला ठेवलं आणि पुढचा तपासलाच नाही. "किती दिवस माहीत आहे तुम्हाला?"

"तीन वर्षं."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"हिशेबनिसांना सांगितलं होतं. तुम्हाला सांगायला पुढे यावं लागलं असतं."

मालक तसेच घरी गेले. पुढचे दोन दिवस ते वहिनीशी कामापुरतंच बोलले. नवरा म्हणायचा, "राग आलाय." वहिनी म्हणायची, "येऊ दे. हिशेब करताहेत." तिचंच खरं निघालं. तिसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी तिला स्टुलावर बसवलं आणि समोर कोरा कागद ठेवला.

"हे खड्डे बुजवता येतील का?"

"नाही येणार," ती म्हणाली. तिने याचाही विचार करून ठेवला होता. "सगळ्या नगांना एकच भाव ठेवायचा असेल तर जिथे भाव खाली येतो तिथे खड्डा राहणारच. पण अरुंद करता येतो. भाव एकदम पस्तीसने उतरतो म्हणून खड्डा रुंद होतो. मधे एक पायरी घाला. पंच्याहत्तर ते नव्व्याण्णव, दोनशे दहा. मग शंभराच्या अलीकडचा खड्डा पंच्याऐंशीपासून नाही, त्र्याण्णवपासून सुरू होईल."

"पण पंच्याहत्तरच्या अलीकडे नवीन होईल."

"होईल. एकोणसत्तरपासून. सहा शर्टांचा. आधी एक पंधरा शर्टांचा होता, आता दोन लहान होतील, सात आणि सहा. मिळून तेरा."

मालक पहिल्यांदा हसले. "पंधराचे तेरा. एवढ्यासाठी पाटी बदलायची?"

"एवढ्यासाठी नाही. आधी चौऱ्याण्णववाला दोन हजार जास्त देऊन जायचा. नव्या पाटीवर एकोणीस हजार सातशे चाळीस होतील. शंभरापेक्षा दोनशे चाळीसच जास्त. पडला तरी लागणार नाही फार." ती जरा थांबली. "आणि खाली एक ओळ लिहायची. पुढच्या टप्प्याच्या जवळ असाल तर आधी विचारा."

"मग सगळेच विचारतील."

"विचारू देत. मी सांगेन."

ते वाक्य तिच्या तोंडून आपोआप निघालं होतं. मालकांनी तिच्याकडे पाहिलं, मग आत डोकावून नवऱ्याला म्हणाले, "तुमच्या बायकोला सतरा वर्षं आम्ही घड्या घालायला लावल्या." नवरा हातातली पट्टी न सोडता म्हणाला, "मला घरी रोजच हिशेब देत होती. तुम्हालाच उशिरा कळलं."

पाटी रविवारी रंगवली. या वेळी मालकांनी आकडे स्वतः काढले, पण खालची ओळ लिहायला ब्रश वहिनीच्या हातात दिला. तिचं अक्षर गोल आणि किंचित चढतं होतं, त्यामुळे 'विचारा' पाटीच्या कडेला जरा वर गेलं. तिने ते पुसून पुन्हा लिहिते म्हटलं. मालक म्हणाले, "राहू दे. लक्ष जाईल."

सायकलवाल्यांचे शंभर शर्ट तयार झाले तेव्हा घडी वहिनीनेच घातली, कारण या ऑर्डरची घडी दुसऱ्या कोणाला देणं तिला पटलं नाही. निळ्या आणि लाल शर्टांच्या थप्प्या वेगळ्या बांधल्या, प्रत्येकीवर माप लिहिलं. अध्यक्ष टेम्पो घेऊन आले. मालकांनी बिल पुढे केलं, त्यात साडेएकोणीस हजारांतून सातशे वीस वजा केले होते. शेजारी लिहिलं होतं, 'सत्तेचाळीसांचे.' अध्यक्षांनी ते वाचलं. नको नको असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी अठरा हजार सातशे ऐंशी मोजून दिले, मालकांचा हात हातात घेऊन जोरात हलवला आणि वहिनीला म्हणाले, "लाल रंग तुम्ही सुचवलात, तर कार्यकारिणी भाव खाऊ लागली आहे. सभासद म्हणतात आम्हालाही लाल."

"त्यांना म्हणावं पुढच्या वेळी," वहिनी म्हणाली. "रंग कोणताही घ्या, नग एकत्रच मोजतो."

हिशेबनीस रजेवरून आले ते काळा चष्मा लावून. काउंटरवर दुसरं स्टूल पाहून त्यांचं काहीतरी बिनसलं. त्यांनी पाटी वाचली, खालची ओळ वाचली, आणि मऊ आवाजात म्हणाले, "मी काही चुकीचा भाव कोणाला सांगितला नव्हता."

"कधीच नाही," वहिनी म्हणाली, आणि ते खरंच होतं. "तुमचा गुणाकार एकदाही चुकलेला मी पाहिला नाही. पण गिऱ्हाइकं विचारायला लागली आहेत, आणि तुमच्या डोळ्यातून अजून पाणी येतंय. सकाळी मी बोलेन, तुम्ही लिहा."

त्यांनी चष्मा पुसला. दोन-तीन दिवस ते अंतर राखून होते. मग एका सकाळी कोणीतरी दोनशे तीस शर्टांचा भाव विचारला आणि वहिनी उत्तर देण्याआधी हिशेबनीसच म्हणाले, "अडीचशे घ्या साहेब. अकराशे वाचतील." मग वहिनीकडे बघून हळूच विचारलं, "बरोबर ना?" तिने मान डोलावली.

तेव्हापासून वहिनी सकाळी काउंटरवर आणि दुपारी घडीच्या टेबलावर असते. पगार वाढला, पण तिला विचारलं तर ती पगाराचं सांगत नाही. ती सांगते की आता फोन येतो तेव्हा माणसं मालकांना मागत नाहीत. 'त्या वहिनी आहेत का, ज्या खरा भाव सांगतात,' असं विचारतात. मालक फोनवर हात ठेवून हाक मारतात, "तुमचा आहे." त्यांच्या आवाजात थोडी कुरकुर असते आणि पुष्कळशी ऐट असते, आपल्याच घरातल्या माणसाने नाव काढलं की असते तशी.

आणि नवरा? तो जेवताना मधेच एखादा आकडा टाकतो. "बहात्तर?"

"पंच्याहत्तर घ्या."

"अडुसष्ट?"

"अडुसष्टच घ्या. तिथे खड्डा नाही."

"एकशे साठ?"

"एकशे साठच. उगीच परीक्षा घेऊ नका, भाजी वाढा."

तो भाजी वाढतो. आपल्या बहिणीला फोनवर त्याने सांगितलं आहे की दुकानातली पाटी आता तिची वहिनी वाचते. बहीण म्हणाली, वाचता सगळ्यांनाच येतं. तो म्हणाला, "तसं नाही. तुला येऊन बघावं लागेल."